दीड टक्का कमी

माझं काम कर्ज विकायचं. आमच्या सासुरवाडीत लोक सांगतात, जावई फायनान्समध्ये साहेब आहेत. साहेब वगैरे काही नाही. अकोल्यात एका खासगी फायनान्स कंपनीच्या शाखेत टेबलापलीकडे बसणारा मी माणूस. महिन्याला इतक्या केसेस, आणि प्रत्येक केससोबत एक विमा. केस आली आणि विमा नाही आला, तर आमचा मॅनेजर भर मीटिंगमध्ये विचारायचा, "पोळी वाढली, भाजी कुठाय?" सगळे हसायचे. ज्याला विचारलं तोही हसायचा, कारण दुसरं काय करणार?

या धंद्यात एक रीत आहे. पंचवीस तारीख उलटली आणि आकडा भरला नाही, की माणूस घरची केस शोधतो. साडू, मावसभाऊ, मित्राचा मेव्हणा. कुणाला तरी पैसे हवेच असतात, आणि घरचा माणूस फार प्रश्न विचारत नाही. मी दोन-तीनदा तसं केलं होतं आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

माझे सासरे भातकुलीजवळ फुलं पिकवतात. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. पहाटे तोडलेली फुलं अमरावतीच्या फुलबाजारात नेऊन विकायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यातली बरीचशी वर्षं त्यांनी रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून काढली. मागे एका गाळ्यात भाड्यानं बसायला लागले, आणि त्या वर्षी गाळ्याच्या मालकानं तो विकायला काढला. साठवलेले पैसे देऊनही तीन लाख कमी पडत होते. महिन्याच्या आत भरा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असं मालकानं स्पष्ट सांगितलं होतं.

सासरे आधी गेले ते अमरावतीच्या एका सहकारी बँकेत. तिथल्या अधिकाऱ्याच्या घरी सणावाराला हार यांच्याकडूनच जायचे, ती ओळख. तीन लाख, तीन वर्षं, बारा टक्के. प्रोसेसिंग फी अर्धा टक्का. हे त्यांनी फोनवर आपल्या लेकीला सांगितलं, आणि तिनं सहज मला सांगितलं. त्या दिवशी तारीख होती सव्वीस.

मी तिच्या हातातून फोन घेतला.

"मामाजी, बारा टक्के काहून देता? आमच्याकडे साडेदहा आहे."

"दीड टक्का कमी?" ते म्हणाले. "मंग तं बरंच झालं. घरचा मानूस असतांनी मी परक्याच्या दारात उभा."

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. आमचा दर साडेदहाच होता, आणि बँकेसारखाच उरलेल्या मुद्दलावर लागणारा. फक्त तेवढंच सांगितलं. आमची प्रोसेसिंग फी दोन टक्के, म्हणजे सहा हजार, वर अठरा टक्के कर, मिळून सात हजार ऐंशी. ती हातात रक्कम देतानाच कापून घ्यायची. आणि विमा सोळा हजारांचा, कर्जदाराच्या जिवाचा. तो रोख मागायचा नाही, कर्जातच मिसळून टाकायचा, म्हणजे माणसाला टोचत नाही. तीन लाखांचं कर्ज तीन लाख सोळा हजारांचं होतं, आणि त्या सोळा हजारांवरही तीन वर्षं व्याज चढतं. विमा ऐच्छिक असतो. नको म्हटलं तरी कर्ज मिळतं. हे गिऱ्हाइकाला सांगायचं असतं, आणि आम्ही ते सांगत नसतो.

आता नियम असा आहे की सही घ्यायच्या आधी कर्जाच्या सगळ्या खर्चाचं एक पत्रक माणसाच्या हातात द्यावं लागतं, त्याला समजेल अशा भाषेत, आणि विचार करायला काही दिवसही. मी ते मराठीतलं पत्रक सासऱ्यांना नेऊन दिलं. त्यावर एक ओळ असते, सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर. तिथं छापलं होतं पंधरा पूर्णांक आठ. मला त्याची मुळीच धास्ती वाटली नाही. पत्रक कुणी वाचत नाही, हे मी इतक्या वर्षांत शिकलो होतो. लोक दर विचारतात, हप्ता विचारतात आणि सही कुठं करायची ते विचारतात.

चार दिवसांनी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, मी फाईल घेऊन भातकुलीला गेलो. सासरे ओसरीत बसून शेवंती निवडत होते. सासूबाईंनी सतरंजी टाकली, पाणी आणलं. सासऱ्यांनी हात धुतले, पुसले, चष्मा लावला आणि कागद मांडीवर घेतले. घाई केली नाही. मग बोट एका आकड्यावर ठेवून म्हणाले,

"बँकेचा हप्ता नऊ हजार नऊशे चौसष्ट सांगतला होता. तुमचा दहा हजार दोनशे एकाहत्तर. व्याज कमी अन् हप्ता जास्त, हे कसं?"

माणूस सातवी शिकलेला. आमच्याकडे येणारे पदवीधर हा प्रश्न विचारत नाहीत.

"त्यात सगळं आलं, मामाजी," मी म्हणालो. "विमा आहे, सेफ्टी आहे."

त्यांनी मान हलवली. पुढचं पान उलटलं, परत मागं आले. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"जावईबापू, मले सांगाचं काई राह्यलं नाई ना?"

तो क्षण मला आजही जसाच्या तसा आठवतो, आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मला इतकंच म्हणायचं होतं, मामाजी, विमा नको असेल तर वगळता येतो. सात-आठ शब्द. मॅनेजरनं दोन दिवस तोंड वाकडं केलं असतं, बस. पण माझ्या आकड्यात एकच विमा कमी होता आणि दुपारपर्यंत केस सिस्टीमवर चढवायची होती.

"नाही हो," मी म्हणालो. "सगळं रुटीन आहे."

त्यांनी सह्या केल्या. दाखवीन तिथं, एकेक करून, पूर्ण नाव लिहून. जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. धोंड्याचा महिना होता, म्हणून सासूबाईंनी पाटाभोवती रांगोळी काढली, तेहेतीस अनारसे ताटात मोजून दिले, वर कापड आणि दक्षिणा. मी मुकाट्यानं घेतलं आणि दोन वाजता अमरावतीहून केस चढवली.

पैसे जमा झाले ते दोन लाख ब्याण्णव हजार नऊशे वीस. गाळ्याच्या मालकाला पूर्ण तीन लाख मोजायचे होते. फुलवाल्यांची एक भिशी आहे, तिच्यात सासऱ्यांचा नंबर दिवाळीत लागायचा होता. तो त्यांनी दुसऱ्याशी बदलून लवकर उचलला आणि कमी पडलेले सात हजार भरले. मला फोन केला नाही, तक्रार तर नाहीच. गाळा नावावर झाला. बायकोनं पेढे वाटले.

उघडं पडलं ते विम्याच्या पॉलिसीमुळे. पॉलिसीचा मेसेज सासऱ्यांच्या फोनवर आला आणि त्यांच्या फोनमधलं असलं सगळं ते लेकीला पाठवून देतात. माझी बायको घरी मुलांच्या शिकवण्या घेते. गणित शिकवते, म्हणजे तिच्यापुढे आकडे लपवण्यात काही अर्थ नसतो. एका सकाळी मी डबा भरत होतो, तेव्हा ती फोन घेऊन स्वयंपाकघरात आली.

"बाबांनी तीन लाख मागतले होते. कागदावर तीन लाख सोळा हजार काहून आहेत?"

मी सांगितलं, विमा.

"तो घ्यावाच लागते का?"

मी डब्याचं झाकण लावलं. तिनं तिथंच, शिकवणीच्या मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. बँकेचा हप्ता गुणिले छत्तीस, तीन लाख अठ्ठावन्न हजार सातशे चार. त्यात फी आणि कर सतराशे सत्तर. एकूण तीन लाख साठ हजार चारशे चौऱ्याहत्तर. मग आमचा. दहा हजार दोनशे एकाहत्तर गुणिले छत्तीस, वर सात हजार ऐंशी. तीन लाख शहात्तर हजार आठशे छत्तीस.

"सोळा हजार तीनशे बासष्ट जास्त," ती म्हणाली. "दीड टक्का कमी दरानं."

मग तिनं आणखी एक ओळ लिहिली, आणि ती मला सर्वांत जास्त लागली. विमा काढून टाकला तर काय? हप्ता नऊ हजार सातशे एक्कावन्न. छत्तीस हप्ते आणि आमची ती जाड फी धरूनसुद्धा तीन लाख अठ्ठावन्न हजार एकशे सोळा. बँकेपेक्षा दोन हजार तीनशे अठ्ठावन्न रुपयांनी स्वस्त.

"म्हणजे तुमी खरं सांगतलं असतं, तरी बाबांनी तुमच्याकडूनच घेतलं असतं," ती म्हणाली. "अन् ते बरोबरच राह्यलं असतं."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. मी तापट माणूस आहे, भांडणात मला उत्तरं सुचतात. विमा वाईट नसतो, उद्या बाबांना काही झालं तर गाळा वाचेल, असं मी म्हणायला गेलो. ती म्हणाली, "मंग तसं त्याईले इचाराचं होतं. हवा का नको, थे त्याईनं ठरवलं असतं." एवढं बोलून ती शिकवणीला बसली. त्या दिवशी मी ऑफिसात कुणाशी धड बोललो नाही, आणि आलेल्या दोन गिऱ्हाइकांना विनाकारण झापलं.

पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. हे मला तोंडपाठ होतं, तेही मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. रविवारी मी रद्द करायचा अर्ज छापून घेतला आणि आम्ही दोघं भातकुलीला गेलो. अमरावतीपर्यंत बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. मी मनात वाक्यं जुळवत होतो. कंपनीकडून चूक झाली, असं काहीतरी. बडनेरा येईपर्यंत माझं मलाच ते किळसवाणं वाटायला लागलं.

सासऱ्यांसमोर बसून मी सगळं सांगितलं. फी किती, विमा किती, एकूण किती जातंय आणि विमा त्यांना नाकारता येत होता हेही. ते ऐकत होते.

मग उठून आत गेले आणि एक घडी केलेला कागद घेऊन आले. तेच पत्रक, मी दिलेलं. खऱ्या दराच्या ओळीखाली पेनानं रेघ होती, आणि बाजूला दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात लिहिलं होतं, आमचा बारा पूर्णांक चार. खाली दोन्हीकडच्या एकूण रकमा. बँकेतल्या त्या अधिकाऱ्यानं मांडून दिलेल्या.

"हे कधी?" मी विचारलं.

"सही कराच्या दोन रोज आधी."

मला वाटलं, कानात काहीतरी भरलंय. बायकोनं तोंडाला पदर लावला.

"मंग सही काहून केली, बाबा?"

सासरे थोडा वेळ कागदाच्या घड्या सरळ करत राहिले.

"लेक देली तुमच्या घरी," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "बँकेतून कर्ज घेतलं असतं तं तुमाले वाटलं असतं, सासऱ्यानं इस्वास नाई ठेवला. थे बोलनं मंग हिच्या वाट्याले आलं असतं. मी समजलो, धोंड्याचा महिना हाये, जावयाले वान द्या लागते. सोळा हजाराचं वान." ते हसले नाहीत. टोमणा मारत नव्हते, साधं सांगत होते. "पन तुमी सोताहून सांगसान असं वाटे. मनून इचारलं होतं."

मी रडलो. सासुरवाडीच्या ओसरीत, सासूबाई चहा घेऊन उभ्या असताना. लाज वाटायला पाहिजे होती, पण लाजेची पायरी मागेच ओलांडली होती.

अर्जावर सही करायला ते तयार नव्हते. तुमच्या हपिसात तुमाले बोल लागंन, म्हणत होते. लेकीनं हट्ट धरला तेव्हा केली. थोडं कापून विम्याचे पैसे परत आले, कर्जात जमा झाले, आणि हप्ता पावणेदहा हजारांच्या आसपास आला. सात हजार ऐंशीची फी काही परत मिळत नाही. तरीही तीन वर्षांचं सगळं धरून ते कर्ज बँकेपेक्षा हजार-दोन हजारांनी स्वस्तच पडणार आहे. मी हिशेब करून पाहिला आहे, एकदा नाही, पुष्कळदा. त्यातून मला काही मिळत नाही.

ऑफिसात मॅनेजरनं बोलायचं ते बोलून घेतलं. आता मी गिऱ्हाइकाला एकूण आकडा आधी सांगतो, विमा हवा का ते विचारतो, आणि महिनाअखेर मीटिंगमध्ये भाजीचा प्रश्न मलाच विचारला जातो. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. उशिरा आलेली अक्कल आहे, तिचा कुणाला काय उपयोग व्हायचा तो होवो.

सासऱ्यांनी माझा मान तसूभरही कमी केला नाही. गेलो की सतरंजी, पाणी, जावईबापू. पहिली पोळी माझ्या ताटात. त्या गोष्टीचा उल्लेख त्यांनी पुन्हा कधी केला नाही, सासूबाईंनीही नाही.

मागच्या महिन्यात आम्ही भातकुलीला गेलो होतो. गाळ्यात फुलं टिकवायला त्यांना एक थंड कपाट घ्यायचं होतं. दोन दुकानांचे कागद त्यांच्या हातात होते. एका ठिकाणी रोख घेतलं तर पाच हजार कमी, त्यासाठी सहकारी बँकेतून पैसे उचलायचे. दुसऱ्या ठिकाणी शून्य टक्के व्याजाचे हप्ते, पण सूट नाही, आणि वर प्रोसेसिंग फी. मी ओसरीत बसलो होतो. हे तर माझं रोजचं काम. शून्य टक्के म्हणजे सोडलेली सूट आणि भरलेली फी हेच त्याचं व्याज, हे मी झोपेतही सांगेन.

सासरे माझ्यासमोरून आत गेले, कणकेच्या हाताच्या लेकीसमोर कागद धरले आणि म्हणाले, "पाय बरं, शेवटी कोनतं सस्तं पडते."

ती मोठ्यानं आकडे मांडत होती, भिंतीपलीकडे मला सगळं ऐकू येत होतं. फी धरली, सूट धरली, आणि पुढे गेली. फीवरचा कर राहिला. माझ्या जिभेवर आलं आणि थांबलं, कारण मला कुणी विचारलं नव्हतं. मग वाटलं, पुन्हा तेच. मी बसल्या जागेवरून म्हणालो,

"फीवर अठरा टक्के कर लागतो. तो धरा."

मग बायकोचा आवाज आला, "हो, राह्यला. धरते."

आणि सासरे हळूच, मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं तिला म्हणाले, "हात धुतल्यावर लिहून घे. उद्या बँकेतल्या सायबाले इचारून पायतो एकडाव, खरंच लागते का तं."

थोड्या वेळानं ते बाहेर आले. कपबशी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "घ्या जावईबापू, थंडा होईन."